प्लॉटचा काटकोन तपासतोय, चढांचा गुणाकार −०.९६ येतोय. मदत हवी आहे

कळंबेकर_प्लॉटवाला:
मंडळी, नमस्कार. कळंब्यात दोन गुंठ्यांच्या वर थोडा असा प्लॉट घेतलाय. पुढच्या आठवड्यात लाइनआउट आहे. खासगी मोजणीवाल्यानं टोटल स्टेशन लावून चार दगडांचे आकडे काढून दिलेत, मीटरमध्ये:

अ (११२.४०, ८६.१५)
ब (१३०.४०, ८६.५१)
क (१३०.१५, ९८.६०)
ड (११२.१५, ९८.१५)

अब ही रस्त्याकडची बाजू. मी कॉमर्सवाला, पण शाळेतलं आठवलं म्हणून रात्री बसून चारी बाजूंचे चढ काढले. अब चा ०.०२, मागच्या डक चा ०.०२५, डावीकडच्या अड चा −४८ आणि उजवीकडच्या बक चा −४८.३६.

माझा निष्कर्ष असा. पुढची-मागची बाजू समांतर आहे, ०.००५ चा फरक म्हणजे काहीच नाही. डावी-उजवी मात्र समांतर नाही, तब्बल ०.३६ चा फरक. आणि अ कोपऱ्यात चढांचा गुणाकार −१ यायला पाहिजे, तो −०.९६ येतोय, म्हणजे काटकोन नाही. गवंडी म्हणतोय "हुतंय की, बघू". माझी झोप उडालीय. कोपरा नक्की किती वाकडा आहे?

ड्राफ्टिंगवाला_राजारामपुरी:
बरोबर पकडलंय भावा. लंब असण्याची अट म्हणजे m1 × m2 = −१, त्यात तडजोड नाही. तुमच्याकडं ४ टक्के चूक आहे. ९० चे ४ टक्के म्हणजे ३.६ अंश. १२ मीटरच्या बाजूवर ती पाऊण मीटरच्या आसपास जाते. खरेदीखताआधी बघायला पाहिजे होतं.

कळंबेकर_प्लॉटवाला:
पाऊण मीटर?? अहो, डोळ्याला तसं काही दिसत नाही हो.

पंचगंगाकाठ:
दादा, प्लॉटला चढ असंल तर आधी भराव टाका. रस्त्यापेक्षा जोतं कमीत कमी दीड-दोन फूट वर घ्या. आमच्याकडं २०१९ ला पाणी आलं तवा ज्यांचं जोतं वर हुतं त्यांचंच घर वाचलं. ४८ म्हणजे काय, ४८ इंच चढ हाय काय?

कळंबेकर_प्लॉटवाला:
नाही हो काका, तो चढ नव्हे. कागदावरच्या रेषेचा चढ म्हणतोय. भरावाचं मात्र लक्षात ठेवतो.

निवृत्त_मोजणीदार:
कळंबेकर, आज रात्री झोपा. राजारामपुरीचे साहेब अट बरोबर सांगतायत, पण टक्केवारीचा हिशेब चुकलाय. गुणाकार −१ पासून किती लांब आहे त्यावरून कोन किती चुकला हे सांगता येत नाही. त्यासाठी पूर्ण सूत्रच लावावं लागतं:

tan θ = |m1 − m2| / |1 + m1·m2|

काटकोनाजवळ खालचा भाग शून्याकडं जातो आणि उत्तर फुगतं. म्हणून मी ते उलटं करून घेतो, खालचं वर आणि वरचं खाली. मग काटकोनापासून किती सरकलंय ते सरळ हातात येतं. तुमच्या अ कोपऱ्यात १ − ०.९६ = ०.०४, आणि चढांतला फरक ०.०२ + ४८ = ४८.०२. भागाकार ०.०००८३. म्हणजे दर मीटरला ०.८३ मिलिमीटर. अड बाजू १२ मीटरची, तिच्यावर १ सेंटिमीटर. अंशात सांगायचं तर ०.०५ सुद्धा नाही.

आता ताळा बघा. अड मध्ये x चा फरक −०.२५ आहे. तो −०.२४ असता तर चढ −५० आला असता आणि गुणाकार बरोबर −१. मोजणीवाल्यानं आकडे सेंटिमीटरपर्यंतच दिलेत. शेवटचा आकडा एकानं इकडंतिकडं झाला की गुणाकार −१ चा −०.९६ होतो. तुमची सगळी भीती त्या एका सेंटिमीटरची आहे.

ड्राफ्टिंगवाला_राजारामपुरी:
थांबा थांबा. म्हणजे ०.०४ ची चूक कायमच क्षुल्लक म्हणायची? हे पटत नाही.

निवृत्त_मोजणीदार:
कायमच नाही, तीच तर मेख आहे. समजा हाच प्लॉट नकाशावर तिरका बसला असता आणि दोन बाजूंचे चढ १ आणि −०.९६ आले असते. गुणाकार तोच, −०.९६. पण आता चढांतला फरक १.९६. ०.०४ भागिले १.९६ म्हणजे ०.०२०४, सव्वा अंशाला थोडं कमी. १२ मीटरवर जवळजवळ २४ सेंटिमीटर. गुणाकार एकच असून एकीकडं १ सेंटी, दुसरीकडं २४.

ड्राफ्टिंगवाला_राजारामपुरी:
हं. हे मी कधी असं करून बघितलं नव्हतं. ३.६ अंश मागं घेतो. पण बाजू समांतर आहेत हे तर त्यांचं बरोबर आहे ना? ०.०२ आणि ०.०२५.

निवृत्त_मोजणीदार:
तिथंच खरी गोम आहे. कळंबेकरांनी ज्याची काळजी केली ते ठीक आहे, आणि जे सोडून दिलं तिथं गडबड आहे.

डावी-उजवी बाजू घ्या. चढ −४८ आणि −४८.३६, फरक ०.३६, दिसायला मोठा. पण खाली १ + ४८ × ४८.३६ आहे, म्हणजे २३२२. भागाकार ०.०००१५५. १२ मीटरला २ मिलिमीटर सुद्धा नाही. रेषा उभी होत जाते तसा चढ सुसाट वाढतो, कोन मात्र जेमतेम हलतो. ४८ चढाची रेषा ८८.८१ अंशावर असते आणि ४८.३६ चढाची ८८.८२ वर. या दोन बाजू समांतरच धरा.

पुढची-मागची बाजू घ्या. फरक ०.००५, दिसायला चिमुकला. पण इथं चढ लहान आहेत, त्यामुळं खालचा भाग जवळजवळ १ च राहतो. भागाकार ०.००५ चा ०.००५. बाजू १८ मीटरची. १८ × ०.००५ = ०.०९, म्हणजे ९ सेंटिमीटर. मागची भिंत पुढच्या भिंतीला धरून जात नाही, क कडं जाता जाता ९ सेंटी मागं सरकते.

कळंबेकर_प्लॉटवाला:
अरे देवा. म्हणजे मी पूर्ण उलटं बघत होतो. क चा दगडच चुकलाय म्हणायचं का?

अकरावीची_आई:
मध्ये बोलते, रागावू नका, विषय तोच आहे म्हणून विचारते. मुलाला गणित होतं: y = x या रेषेशी ४५ अंशांचा कोन करणाऱ्या, आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषा काढा. त्यानं सूत्र लावून m = ० काढलं. पुस्तकात उत्तरं दोन. दुसरी बाजू सोडवली की −१ = १ येतंय. सर क्लासमध्ये "ते सोडून द्या" म्हणाले म्हणे. असं कसं सोडून द्यायचं?

निवृत्त_मोजणीदार:
ताई, सोडून द्यायचं नाही. −१ = १ हे सांगतंय की दुसऱ्या रेषेला चढच नाही. ती y-अक्ष आहे, सरळ उभी. y = x अक्षांच्या बरोबर मधून जाते, मग एक रेषा आडवी मिळाल्यावर दुसरी उभीच असणार. आकृती काढली की लगेच दिसतं. सूत्र चढांवर चालतं, म्हणून उभ्या रेषेपाशी ते गप्प बसतं. लंबाच्या अटीचंही तेच आहे. आडवी आणि उभी रेषा एकमेकींना लंब आहेत हे शेंबडं पोर सांगेल, पण गुणाकार करायला दुसरा चढच नाही.

म्हणूनच आम्ही फिल्डवर चढ काढतच नव्हतो. x चे फरक एकमेकांशी गुणायचे, y चे फरक एकमेकांशी गुणायचे आणि बेरीज करायची. शून्य आली की काटकोन. कळंबेकरांच्या अ कोपऱ्यात १८ × (−०.२५) + ०.३६ × १२ = −०.१८. त्याला दोन्ही लांब्यांनी भागलं, १८ × १२ = २१६, की तेच ०.०००८३. रेषा उभी असो वा आडवी, कुठं अडत नाही.

अकरावीची_आई:
आकृती काढून दाखवली. "मग पेपरात काय लिहू" म्हणतोय! चढ अस्तित्वात नाही असं लिहून x = ० लिहिलं तर चालेल ना?

निवृत्त_मोजणीदार:
चालेल. आकृती जोडायला सांगा.

मिस्त्री_शिरोली:
आम्हाला हे चढबिढ काय कळत नाही. आम्ही दोरी लावतो, ३-४-५ नं गुण्या मिळवतो, मोठं काम असलं तर ६-८-१० फूट. शेवटी दोन्ही कर्ण टेपनं धरतो. कर्ण जुळलं की काम गुण्यात. आकड्यावरनं कर्ण काढा की.

कळंबेकर_प्लॉटवाला:
काढले. अक २१.६८१, बड २१.६४६. साडेतीन सेंटीचा फरक येतोय. म्हणजे तिथंही ते ९ सेंटी पूर्ण दिसत नाहीत.

मिस्त्री_शिरोली:
दिसत नाहीत, बरोबर. कर्ण तिरका असतोय, दगड सरकला तेवढं सगळं त्याच्यात उतरत नाही. म्हणून बाजूपण मोजायची. आणि कापडी टेप वापरू नका, २०-२२ मीटरला झोळ पडतोय, तिथंच दोन सेंटी जातात. पोलादी टेप घ्या, दोघांनी ताणून धरा.

निवृत्त_मोजणीदार:
मिस्त्री बरोबर बोलतायत. नुसते कर्ण जुळले म्हणून आयत होत नाही, दोन समांतर बाजू लहानमोठ्या असलेल्या चौकोनाचेही कर्ण जुळू शकतात. समोरासमोरच्या बाजू आणि कर्ण, दोन्ही जुळायला हवं.

कळंबेकर_प्लॉटवाला:
आत्ताच जाऊन आलो. मेहुण्याला बरोबर घेऊन पोलादी टेपनं मोजलं. अड बरोबर १२ मीटर, बक १२ मीटर ९ सेंटी. म्हणजे आकडे लिहिताना चूक नाही, दगडच तिथं आहे. पण आता नवीनच प्रश्न. मंजूर नकाशात बक १२.०० लिहिलीय. क चा दगड मागच्या शेजाऱ्याचाही आहे आणि तो म्हणतो दगड जुना आहे, कुणी हलवला नाही.

ड्राफ्टिंगवाला_राजारामपुरी:
तुमच्याकडं जागा जास्तच येतेय की, ०.८ चौरस मीटरच्या आसपास. गप्प बसा 😄

निवृत्त_मोजणीदार:
गप्प बसू नका. दगड खरा की नकाशा खरा हे चढांवरून ठरत नाही, ते मोजणी खात्याच्या कागदावरून ठरतं. पण घराचं लाइनआउट तोवर अडवायची गरज नाही. क ला हातच लावू नका. अब ही मूळ रेषा धरा, अ मधून तिला लंब टाका, बांधकाम त्या दोन रेषांवरून आखा. मागच्या बाजूचं अंतर नकाशातल्या हद्दीपासून सोडा, दगडापासून नको. कंपाउंडची भिंत मात्र थांबवा.

कळंबेकर_प्लॉटवाला:
मोजणीवाला शनिवारी परत येतोय. क चं रीडिंग दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून घ्यायला सांगितलंय. शेजाऱ्यालाही बोलावलंय, चहा मी पाजणार. काय निघतंय ते इथंच टाकतो.

पंचगंगाकाठ:
आणि जोतं?

कळंबेकर_प्लॉटवाला:
दोन फूट, काका.