‘दुहेरी गुन्हेगारी’ की आणखी काही?

मुक्ता_अ:
चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याच्या प्रकरणावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात वाक्य आहे की आरोपी दुसऱ्या देशाच्या ताब्यात देण्यासाठी लागणाऱ्या ‘डबल क्रिमिनॅलिटी’च्या अटीमुळे बहुतेक आरोप गळाले. मी ‘दुहेरी गुन्हेगारी’ लिहिलं. संपादकांचा शेरा: ‘म्हणजे एकेरी गुन्हे केले असते तर चाललं असतं का?’ त्यांनी ‘उभयदंडनीयता’ सुचवलंय. वर्तमानपत्रांत मात्र दुहेरी गुन्हेगारीच दिसतं. काय ठेवू?

शब्दवेल्हाळ:
संपादकांचं बरोबर आहे. गुन्हेगारी ही माणसाची वा वस्तीची असते: ‘शहरातली गुन्हेगारी वाढली’. इथे कृत्य गुन्हा ठरतं की नाही, हा प्रश्न आहे. गुन्हेगारी तिथे बसतच नाही.

रविकिरण:
इतका कीस कशाला? अर्थ सोपा आहे: दोन्ही देशांत त्याच नावाचा गुन्हा असला पाहिजे. ‘समान गुन्हा’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

कलमदान:
रविकिरण, ‘दोन्ही देशांत’ बरोबर, ‘त्याच नावाचा’ चूक. नाव जुळायची गरज नसते. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या १९९७ च्या कराराची अट एवढीच आहे की कृत्याला दोन्हीकडे एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकली पाहिजे. गुन्ह्याचा वर्ग वा संज्ञा वेगळी असली तरी चालते.

अमेरिकेत तारेवरून किंवा फोनवरून केलेली फसवणूक असा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे, आणि त्यात संदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे असं कलम नाही. पण राज्याच्या सीमेचा तो भाग खटला संघीय न्यायालयात नेण्यापुरता असतो. तो बाजूला काढला की उरतं ते खोटं बोलून पैसे उकळणं, आणि ते आपल्याकडे सरळ फसवणुकीत बसतं. न्यायाधीश कलमांची नावं काढून टाकतो आणि विचारतो: हेच इथे घडलं असतं तर?

अर्ज फसतात ते बहुधा इथेच. अर्ज करणारा देश आपली कलमं उतरवून काढतो आणि हकीगत चार ओळींत गुंडाळतो. कोणी, कधी, कुणाला काय सांगितलं, सांगताना ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं का, हे कागदावर नसेल तर जुळवायला काही उरतच नाही. लबाडीचा हेतू न दिसणारी बुडीत उधारी म्हणजे दिवाणी दावा, मग कलम कितीही जबर लावलेलं असो.

बंडूतात्या:
आमच्या भाच्याचा व्हिसा संपला होता, त्याला विमानात बसवून परत धाडलं. त्याला कुणी असलं काही विचारलं नाही. त्यानं केस करावी का?

कलमदान:
तात्या, ती हद्दपारी. नको असलेला परदेशी माणूस बाहेर काढायला त्याच्या देशाची मागणी लागत नाही, गुन्हाही लागत नाही. त्यामुळे ही अटही नाही.

शब्दवेल्हाळ:
आणि तडीपारी वेगळी, ती जिल्ह्याबाहेर. लोक प्रत्यर्पणासकट तिन्ही शब्द एकाच पोत्यात भरतात.

मुक्ता_अ:
मग पिनोशेच्या बाबतीत काय गळालं? छळ तर इंग्लंडमध्येही गुन्हाच असणार ना?

कलमदान:
इंग्लंडमध्ये केलेली मारहाण कायमच गुन्हा होती. अडचण जागेची होती. छळ चिलीत झालेला, मागणी स्पेनची, आणि माणूस ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये अटकेत. म्हणून प्रश्न असा झाला की परक्या देशात झालेला छळ इंग्लंडच्या न्यायालयात चालवता आला असता का? तशी सोय केली १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३४ नं, आणि ते लागू झालं २९ सप्टेंबर १९८८ ला.

मग वाद तारखेवर आला. कृत्य मागणी आली त्या दिवशी गुन्हा असलं तर पुरे, की घडलं त्या दिवशीच असायला हवं? खालच्या न्यायालयाला मागणीचा दिवस पुरेसा वाटला होता. तेव्हा तिथलं शेवटचं न्यायालय असलेल्या उमराव सभेनं २४ मार्च १९९९ ला घडल्याचा दिवस धरला. आरोप सत्तरच्या दशकापासूनचे, त्यामुळे कलम १३४ लागू होण्याआधीचा चिलीतला छळ एका फटक्यात बाहेर गेला. शेवटच्या दीड वर्षाचे मोजके आरोप उरले. त्यांवर प्रक्रिया पुढे चालली, पण मार्च २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून गृहमंत्र्यांनी त्याला चिलीला जाऊ दिलं.

म्हणून मुक्ता, तुमच्या वाक्यात ‘दोन्ही देशांत गुन्हा’ एवढं लिहून भागणार नाही. ‘त्या वेळी’ हा शब्द हवाच.

रविकिरण:
पण तो तर राष्ट्रप्रमुख होता. राजकीय गुन्ह्याला सूट असते ना? पुढारी सुटतात ते त्याच दारातून.

शब्दवेल्हाळ:
‘राजकीय गुन्हा’ म्हणजे पुढाऱ्याचा गुन्हा! झालं. आता कुणी नगरसेवकानं गटाराचं टेंडर खाल्लं तर तोही राजकीय गुन्हा.

कलमदान:
राष्ट्रप्रमुखाचं संरक्षण हा वेगळा विषय. राजकीय गुन्ह्याची सूट कृत्याच्या संदर्भावर ठरते, माणसाच्या पदावर नाही. दोन जुने निकाल शेजारी ठेवले की रेघ दिसते.

सप्टेंबर १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात बंडवाल्या जमावानं बेलिन्झोनातली सरकारी इमारत ताब्यात घेतली. त्या झटापटीत रॉसी नावाचा राज्यमंडळाचा सदस्य गोळी लागून मेला. आरोपी कास्तिओनी इंग्लंडला पळाला. न्यायालयानं त्याला सोडलं, कारण गोळी ही राजकीय उठावाचाच भाग होती.

पुढे म्यूनिए आला. त्याच्यावर आरोप होता पॅरिसमधल्या एका कॅफेत आणि लष्करी बराकीत स्फोट केल्याचा. १८९४ मध्ये इंग्लंडचंच न्यायालय म्हणालं, इथे सत्तेसाठी झगडणारे दोन पक्षच नाहीत, अराजकवाद्याला कुठलंच सरकार नको आहे. त्याला फ्रान्सच्या ताब्यात दिलं. हेतू राजकीय होता म्हणून कृत्य राजकीय ठरत नाही, असा त्याचा अर्थ.

रविकिरण:
मग सावरकरांना इंग्लंडनं कसं दिलं? तिथे तर राजकीय हेतूच होता. प्रत्यार्पण झालंच ना?

कलमदान:
ते साम्राज्यांतर्गत होतं. १९१० मध्ये त्यांना १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली पाठवलं, आणि त्या कायद्यात राजकीय अपवादच ठेवलेला नव्हता. परक्या देशानं मागितलेल्या कास्तिओनीला मिळाली ती ढाल साम्राज्याच्या प्रजेला नव्हती. मार्सेयचा हेगमधला लवाद तिसराच मुद्दा होता: फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला कैदी ब्रिटननं परत द्यावा का? फेब्रुवारी १९११ चा निकाल: नाही.

मुक्ता_अ:
आणि ‘खटला राजकीय सूडातून आहे’ असं वकील सांगतात ते?

कलमदान:
तो तिसरा प्रकार, आणि मराठीत त्याचीच सगळ्यात जास्त सरमिसळ होते. तिथे गुन्हा साधा चोरीचाही असेल, आक्षेप मागणाऱ्या देशाच्या हेतूवर असतो. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यात राजकीय गुन्ह्याचा जुना अपवाद उरलाच नाही, सूडाचा आक्षेप मात्र आहे. आपल्या १९६२ च्या कायद्यात अपवाद कलम ३१ मध्ये आहे, पण १९९३ च्या दुरुस्तीनं यादी जोडून विमान पळवण्यासारखे गुन्हे त्यातून वगळले. माझ्या मते सूडाचा आक्षेप ठेवून जुना अपवाद काढणं घाईचं आहे. उद्या खरोखर उठाव झाला तर कास्तिओनीला दार कुठलं?

शब्दवेल्हाळ:
तो कायदेमंडळांचा प्रश्न. मघापासून एक खुपतंय ते सांगतो. रविकिरण, ‘प्रत्यार्पण’ असा शब्दच नाही. प्रति अधिक अर्पण: प्रत्यर्पण. ‘प्रत्यक्ष’ला कुणी प्रत्याक्ष म्हणतं का?

रविकिरण:
रोजच्या मथळ्यांत काना असतो. लाखो लोक वाचतात तो शब्द नाही म्हणजे काय?

शब्दवेल्हाळ:
लाखो लोक चुकतात म्हणजे संधी बदलत नाही.

बंडूतात्या:
आमच्या गावी ‘मुद्देमालासकट हवाली केला’ म्हणायचे. ‘हवाली’त काय वाईट आहे?

शब्दवेल्हाळ:
फारसी आहे.

कलमदान:
‘फरारी’ही तिकडूनच आलाय, तो कायद्याच्या नावात चालतो. तात्यांचा शब्द मला आवडला.

मुक्ता_अ:
‘हवाली करण्यासाठी कृत्य त्या वेळी दोन्हीकडे दंडनीय असावं लागतं’ असं वाक्यच फोडून लिहू का? संज्ञा राहते बाजूला.

शब्दवेल्हाळ:
हवाली नको. प्रत्यर्पण लिहा, बिनकान्याचं.