हाफ तिकिटातला अर्धा रुपया कोणाचा?

स्वारगेटवाली: आई-बाबा दोघंही सत्तरीच्या आसपास. परवा बसमध्ये पूर्ण भाडं ११ रुपये, हाफ तिकीट ६. दोघांचे १२ झाले. पन्नास टक्के सवलत असताना असं का? साडेपाचाचे पाच घ्यायला नकोत का?

निवृत्त वाहक: मी तीस वर्षं मशीन गळ्यात अडकवून फिरलो. साडेपाचाला गिऱ्हाईक सहा देतं, मी पन्नास पैसे आणू कुठून? नाणं कायद्यानं चालतं, पण पेठेतला दुकानदारसुद्धा घेत नाही. फेरी संपल्यावर कॅश जुळवायची असते, त्यामुळे पूर्ण रुपयाच हवा. वर गेला तर सवलत घेणाऱ्याचंही फार नुकसान नाही.

कोथरूडचा: जवळच्या रुपयाला गोल करा, म्हणजे कधी वर जाईल, कधी खाली. महिनाभरात बरोबरी होते.

हिशेबनीस, सिंहगड रोड: पन्नास टक्क्यांत ती बरोबरी होत नाही, कोथरूडकर. भाडं पूर्ण रुपयात असेल तर अर्धं करताना उरतो तो शून्य किंवा बरोबर पन्नास पैसे. सम भाड्याला गोल करायला काही नसतंच, विषम भाड्याला दर वेळी वरच जातं. खाली यायची वेळच येत नाही. ११ रुपयांना ६ घेतले तर सवलत साधारण साडेपंचेचाळीस टक्के पडते, २४१ ला १२१ घेतले तर जवळपास पन्नासच. म्हणजे झळ बसते ती दोन-तीन थांब्यांच्या प्रवाशाला, जो भाजी आणायला किंवा दवाखान्यात रोज जातो.

दुसरं, आधी पूर्ण भाडं गोल करून मग अर्धं करतात का, हेही बघा. टप्प्याचा हिशेब २०.६० आला, त्याचे २१ केले, अर्धे साडेदहा, म्हणून ११. थेट अर्धं केलं तर १०.३०, म्हणजे १०. माझं म्हणणं: मूळ आकड्यावर सवलत लावा, शेवटी एकदाच गोल करा आणि बरोबर अर्धा आला तर खाली आणा.

एफवायची विद्यार्थिनी: मेट्रोत आम्हाला ३० टक्के. भाडं पाचाच्या पटीत, म्हणून १५ चे साडेदहा, २५ चे साडेसतरा. २० चे मात्र नेमके १४. कार्डावरून पैसे कापले जातात तिथे गोल कशाला करायचं? मोबाइलवरूनही साडेदहा रुपये पाठवता येतात.

शनिवारातले आजोबा: रेल्वेनं मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलतच बंद केली. पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के मिळायची. आधी त्यावर बोला!

स्वारगेटवाली: आजोबा, तेही बोलायलाच हवं, पण मी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारतेय. हिशेबनीस, दोघांचं एकच तिकीट काढलं तर ११ लागतील का?

हिशेबनीस, सिंहगड रोड: मशीन आधी बेरीज करून मग गोल करत असेल तर हो. माणशी गोल करत असेल तर १२ च. दोघांचं एकत्र तिकीट मागा, छापलेली रक्कम बघा, लगेच कळेल.

निवृत्त वाहक: खाली आणायचं तर वरून लेखी आदेश हवा. नाहीतर तपासनीस तो रुपया वाहकाच्याच माथी मारेल. ते मला पटत नाही.