अनुभव धागा: गाऊटच्या पेशंटसाठी बाजारहाट

अनघा: सासऱ्यांना (वय 68) अंगठ्याच्या मुळाशी गाऊट झालाय, युरिक अ‍ॅसिड 8.4. सगळ्यांच्या सल्ल्याने आधी तूर आणि मसूर घराबाहेर गेली. मटण मात्र रविवारी अजून शिजतं, कारण ‘फोडी नाही, नुसता रस्सा घेतो’ असं त्यांचं म्हणणं. किराणा आणि मासळी मीच आणते. तुमच्या घरी काय बंद केलंत, कशाने खरंच फरक पडला, ते लिहा. गोळ्यांचं डॉक्टर बघतायत.

शरद: डाळी पूर्ण बंद, फक्त मूग. पालक, टोमॅटो आणि आंबटही बंद. माझ्या भावाने बिअर सोडली, व्हिस्की चालते त्याला. दोन वर्षांत एकदाही पाय धरला नाही.

माधुरी: माझेही गुडघे जाम दुखतात. डिंकाचे लाडू केलेत का कुणी?

वैशाली: माधुरीताई, गुडघ्याची झीज वेगळी, तिचा युरिक अ‍ॅसिडशी संबंध नाही. लाडवांसाठी वेगळा धागा काढा ना.

अनघा, मी आहारतज्ज्ञ म्हणून हेच बघते. डाळीची भीती जरा जास्तच घेतली जाते. चौघांच्या आमटीला वाटीभर डाळ लागते, म्हणजे माणशी कोरडी 25-30 ग्रॅम. त्याच घरात रविवारी एकेकाच्या ताटात दीडशे ग्रॅम मटण पडतं. डाळीत प्युरीन असतं, त्याचंच शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं, पण 2004 साली अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांची बारा वर्षांची माहिती तपासली, तेव्हा मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला, डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने मात्र वाढलेला दिसला नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर कमी होता. तूर परत आणा. साय काढलेलं दूध आणि ताकही.

रश्शाचं मात्र सासऱ्यांना सांगाच. प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणून फोड टाकून रस्सा पिणं म्हणजे नको ते निवडून घेणं. पायाचं सूपही त्यातच. मटण घ्यायचंच तर दोन फोडी, रस्सा थोडा. कलेजी, गुर्दा, भेजा पिशवीत येऊच देऊ नका.

रत्नाकर: आम्ही मालवणचे, मासळीशिवाय जेवण होत नाही. वडिलांना डॉक्टरांनी तारली, बांगडा, मांदेली आणि तिसऱ्या बंद करायला सांगितल्या. सुकटाचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. ते आमच्याकडे चटणीतलं तोंडीलावणं, मासळीत कोण मोजतो? पण सुकल्यावर पाणी जातं, बाकी सगळं उरतं. पावसाळ्यात बाजार बंद, सुकट आणि जवळा रोज, आणि पाय बरोबर तेव्हाच सुजायचा. आता आठवड्यातून एकदा पापलेटचा एक तुकडा, सुकट बंद.

नितीन: माझं स्वतःचं सांगतो. मटण-मासे मी खातच नाही, तरी गाऊट. डॉक्टरांनी पितोस काय विचारलं. दुपारी कोला, संध्याकाळी खोक्यातलं आंब्याचं पेय. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा, यकृतात तो फुटताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं म्हणे. आता लेबलवर दर 100 मिलीला साखर बघतो. 10 ग्रॅमच्या पुढे असेल तर बाटली परत फळीवर, हा आपला घरगुती नियम.

शिवाय बिनदारूची बिअर म्हणून खूश होऊ नका. माल्ट आणि यीस्टचं प्युरीन तिच्यातही असतं.

शरद: पण व्हिस्कीत प्युरीन नाहीच ना?

वैशाली: जवळजवळ नाही, पण दारू मूत्रपिंडाकडून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं अडवते. बिअर दोन्हीकडून मारते, व्हिस्की एकीकडून. भावाला त्रास झाला नाही हे चांगलंच, त्यावरून सासऱ्यांना परवानगी देऊ नका. आंबट बंद करायचं मला कारण दिसत नाही, लिंबू खुशाल पिळा. पालकाला थोडं थांबा: मूतखड्याचा त्रास असेल तर वेगळं.

एक राहिलं. नुसत्या पथ्याने आकडा साधारण एकाने खाली येतो. 8.4 वरून 6 च्या खाली, जिथे गोळी पोचवते, तिथे भाजी-बाजार पोचवत नाही. आणि पाय सुजलेला असताना केलेली तपासणी कधीकधी चांगली दिसते, तिच्यावर विसंबून गोळी सोडू नये.

अनघा: शनिवारी तूर, ताक आणि लिंबं आणली. पेयांची खोकी वाण्याला परत केली, नातू रुसलाय. रश्शाचं सांगितलं, सासरे म्हणाले, ‘मग मटणात उरलं काय?’

रत्नाकर: चिकन किती चालतं, हे कुणी मोजून बघितलंय का? आमच्याकडे त्यावरून रोज भांडण आहे.

शरद: राजमा मात्र मी अजूनही देणार नाही. भावाला दोनदा लागलाय.