मदत हवी आहे : टेस्ट कार्डावरील प्रश्न कसा मांडावा?

सप्रेम नमस्कार. आमच्या अमळनेरच्या वाचनालयात होणाऱ्या प्रश्नमंजूषेसाठी मी बीबीसीच्या 'टेस्ट कार्ड एफ' या, दूरचित्रवाणी संच जुळवण्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या चित्रावर, म्हणजे फळ्यावर फुली-गोळा खेळणारी मुलगी आणि शेजारी विदूषकाची बाहुली असलेल्या, 2 जुलै 1967 रोजी प्रथम दाखवलेल्या चित्रावर, दोन प्रश्न काढले आहेत.

पहिला प्रश्न असा : पडद्याचा मध्यबिंदू कोणती खूण दाखवते? उत्तर आहे, फळ्यावरची फुली. सराव फेरीत मात्र मी मोबाइलवरून घेतलेले चित्र एका बाजूने कापलेले निघाले, फुली मध्यावरून सरकली आणि एका संघाने 'मुलीचा चेहरा' असे सांगितले. मी ते चूक ठरवले, पण दोष माझ्याच चित्राचा होता. कडेचे त्रिकोण चारही बाजूंना पूर्ण दिसतात की नाही, हे आधी तपासायला हवे होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो. प्रसारण संपल्यावर हेच चित्र रात्रभर दिसे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात निरोपाच्या घोषणेनंतर राष्ट्रगीत होई आणि मग प्रक्षेपक बंद केला जाई. टेस्ट कार्ड मुख्यतः दिवसा, कार्यक्रम नसताना, दुकानदारांना व तंत्रज्ञांना संच जुळवता यावेत म्हणून दाखवत. हा फरक विचारताना प्रश्नातच उत्तर फुटू नये आणि 'रात्री' म्हणणाऱ्याला वादालाही जागा राहू नये, अशी शब्दरचना कोणी सुचवू शकेल का?