उडदाच्या पापडाच्या पाकिटावर ‘गहू आहे’ असे छापावे का?

अमळनेरकर (धागाकर्ता): आमच्या गावच्या महिला बचत गटाच्या उडदाच्या पापडाचे इंग्रजी लेबल मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ‘गहू आहे (बांधानी हिंगातून)’ आणि त्याखाली ‘शेंगदाण्याचे अंश असू शकतात’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी ओळी आहेत. गटाच्या अध्यक्षा म्हणतात की मराठीत गव्हाचे नाव आले तर गिऱ्हाईक त्याला भेसळ समजेल, म्हणून तिथेही ‘अंश असू शकतात’ एवढेच लिहावे. शिवाय साठवणीची सूचना ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ अशी आहे आणि तारखाही दोन आहेत. मी काय करावे?

यावलची माहेरवाशीण: अध्यक्षाबाईंचे म्हणणे मला पटते. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला बसलेल्या बाईला कोणी ‘यात गहू आहे का’ असे विचारले, तर ती तो अपमान समजेल. उडदाच्या पिठात स्वस्त पीठ मिसळण्याचे प्रकार बाजारात होतात हे गिऱ्हाईक जाणून आहे, आणि त्याच शंकेने ते पाकीट उलटून वाचते. दहा किलो पिठात चिमूट-दोन चिमूट हिंग पडतो आणि त्यातही गव्हाचे पीठ थोडेच असते. तेवढ्यासाठी पाकिटावर ठळक अक्षरांत ‘गहू’ लिहिणे म्हणजे प्रामाणिक गटाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे. इंग्रजी ओळ कायद्यासाठी असू द्यावी. मराठी ओळ गिऱ्हाइकासाठी असते, आणि ती सौम्य असायला हवी.

वाघूरकाठ: मसाला उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. किराणा दुकानात मिळणारा हिंग बहुधा बांधानी हिंगच असतो. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो डिंक आणि खाण्याचे स्टार्च किंवा धान्याचे पीठ यांत बांधूनच विकला जातो, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे, म्हणजे मैद्याचे असते. हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी वाचली की ते लगेच कळते. म्हणून गहू पापडात चुकून आलेला नाही. तो कृतीतल्या एका घटकातून नेहमीच, प्रत्येक घाण्यात येतो.

‘आहे’ आणि ‘असू शकतात’ यांतला फरक इथेच आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत ‘आहे’ ही सूचना घटक म्हणून पडलेल्या वस्तूसाठी आहे आणि ती सक्तीची आहे. ‘असू शकतात’ ही सूचना एकाच जागी, एकाच यंत्रावर किंवा एकाच पाटावर दुसरा पदार्थ होत असल्यामुळे लागणाऱ्या अंशासाठी आहे आणि ती ऐच्छिक आहे. पहिलीच्या जागी दुसरी घातली तर मराठी ओळ इंग्रजी ओळीला खोटी पाडते. इंग्रजी किंवा देवनागरी हिंदीतील मजकुराखेरीज दुसऱ्या भाषेत मजकूर द्यायला नियमांची हरकत नाही, पण तो मजकूर मूळ मजकुराशी विसंगत असता कामा नये, ही अट आहे. त्यामुळे मराठी ओळ सौम्य करण्याची सवलत कोणालाच नाही.

चोपडेकर: वाघूरकाठ, तुमचे बरेचसे बरोबर आहे, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, महाराष्ट्रात विकायच्या मालावर नुसती मराठी छापली तरी चालते, मग इंग्रजीशी मेळ घालण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरे, पाच टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या मिश्र घटकाची फोड द्यावी लागत नाही. हिंग पाच टक्क्यांच्या कितीतरी आत आहे. तेव्हा ‘हिंग’ एवढे लिहिले की काम झाले.

वाघूरकाठ: पहिले म्हणणे चूक आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असायलाच हवा. मराठी त्याच्या जोडीला येते, त्याच्या जागी नव्हे. दुसरे अर्धे बरोबर आहे. पाच टक्क्यांची सवलत खरी आहे, पण ती घटकांच्या यादीपुरती आहे. अ‍ॅलर्जीची सूचना वेगळ्या कलमात आहे, आणि तिथे गव्हाचे प्रमाण किती हा प्रश्न येत नाही.

धागाकर्त्यांनी गटाकडून एका घाण्याचे माप मागवून घ्यावे. उदाहरणादाखल धरू या: उडीद डाळीचे पीठ 10 किलो, मीठ 700 ग्रॅम, सरकीचे तेल 300 ग्रॅम, मिरे 250 ग्रॅम, पापडखार 200 ग्रॅम आणि हिंग 60 ग्रॅम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, तेव्हा हिंग शेवटी येईल, चवीला तो कितीही पुढे असला तरी. त्याचा वाटा साधारण अर्धा टक्का भरतो. मळताना घातलेले पाणी वाळवणात उडून जाते, म्हणून ते यादीत येत नाही. तेलाचे नाव मात्र लिहावे लागते. नुसते ‘खाद्य वनस्पती तेल’ पुरत नाही. पापडखाराच्या पाकिटावर काय आहे तेही पाहावे. सोडियम कार्बोनेट असेल तर आयएनएस 500(i), बायकार्बोनेट असेल तर 500(ii). हा आकडा अंदाजाने लिहू नये.

भुसावळची आई: माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्यांना सोसत नाही, म्हणून तिच्या ताटातून पोळी गेली, शेवया गेल्या, गव्हाच्या कुरडया गेल्या. उडदाचा आणि नागलीचा पापड तेवढा राहिला, असे आम्ही धरून चाललो होतो. अनेक महिने तिचे पोट का बिघडते हे समजत नव्हते. आहारतज्ज्ञांनी घरातली एकेक पाकिटे वाचायला लावली तेव्हा हिंग सापडला. आमच्या दुकानातल्या पापडाच्या पाकिटावर मराठीत फक्त ‘हिंग’ एवढेच होते. यावलच्या ताईंना माझे विचारणे आहे की भेसळीची शंका घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार दोन शब्दांत समजावू शकतो, पण आम्हाला पाकिटाखेरीज दुसरे कोण सांगणार? आणि ‘अंश असू शकतात’ ही ओळ आता इतक्या पाकिटांवर असते की ती वाचून मी थांबेनच, असे मला स्वतःलाच सांगता येत नाही.

यावलची माहेरवाशीण: ताई, तुमच्या लेकीचे वाचून वाईट वाटले आणि माझा आग्रह मी थोडा सैल करते. पण गटाची अडचण खोटी नाही. मग सरळ तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग का घेऊ नये? म्हणजे गहू लिहायलाही नको आणि ‘ग्लुटेनमुक्त’ असे अभिमानाने छापताही येईल.

वाघूरकाठ: हिंग बदलणे हा चांगला उपाय आहे, आणि तो अनुवादाच्या आधी व्हायला हवा. ‘ग्लुटेनमुक्त’ मात्र छापू नका. तो दावा आहे, आणि त्यासाठी ग्लुटेनचे प्रमाण किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत असल्याचे दाखवावे लागते. ज्या ओट्यावर सकाळी गव्हाचा चीक शिजवून कुरडया घातल्या, त्याच ओट्यावर दुपारी पापड लाटले जात असतील, तर हिंग बदलूनही गहू लागणारच. तेव्हा ‘गव्हाचे अंश असू शकतात’ ही ओळ खरी ठरेल. आज ती खरी नाही. लाटताना लावायची पिठी कशाची आहे हेही विचारा. ती गव्हाची असेल तर हिंग बदलून काहीच साधत नाही. शेंगदाण्याची ओळ इंग्रजीत कशी आली हेही पाहावे. गट शेंगदाण्याची चटणी कुटत असेल तर ती योग्य आहे. दुसऱ्याचे लेबल उतरवताना आली असेल तर काढावी.

छापखाना, धुळे: मी बाजू कोणाचीच घेत नाही, पण छापणारा मी आहे. 200 ग्रॅमच्या पाकिटाच्या मागे हाताएवढी जागा असते, त्यात इंग्रजी, मराठी, पोषणाचा तक्ता आणि पत्ता बसवायचा असतो. मराठी ओळ लांबली की अक्षर बारीक होते, जोडाक्षरांची पोकळी शाईने भरते आणि ‘गव्हा’मधला ‘व्हा’ वाचता येत नाही. म्हणून ‘अ‍ॅलर्जीची सूचना: गहू आहे (हिंगातून)’ एवढेच असावे. ‘हिंगातून’ हा शब्द राहू द्या. भेसळीच्या शंकेचे उत्तर तोच शब्द देतो, आणि अध्यक्षाबाईंनाही तो पटेल असे वाटते.

चोपडेकर: साठवणीचे कोणीच बोलले नाही. ‘थंड जागी’ हे वाचून आमच्या घरात पापड फ्रिजमध्ये गेले. बाहेर काढले की त्यांना ओल धरते, आणि चार वेळा आत-बाहेर झाल्यावर गड्डीच्या मधल्या पापडांना बुरशी आली. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा जळगावात थंड जागा म्हणजे फ्रिजच, असे कोणीही समजेल. मराठीत ‘कोरड्या जागी, उन्हापासून दूर, हवाबंद डब्यात ठेवा’ असे लिहावे.

वाघूरकाठ: तुमची ओळ अधिक चांगली आहे, पण ती अनुवादकाने परस्पर लिहू नये. मुदत साठवणीच्या अटीवर ठरलेली असते. ‘थंड’ काढले तर तीच मुदत घरातल्या तापमानाला टिकेल असे आपण सांगितल्यासारखे होते. गटाने पापड आपल्याकडच्या उन्हाळ्यात ठेवून पाहिले असतील, तर इंग्रजी ओळच बदलून घ्यावी आणि मग मराठी तिच्याप्रमाणे करावी. नसतील, तर आधी ते पाहावे.

तारखांबाबत: ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ सक्तीची आहे, ‘बेस्ट बिफोर’ हवी तर जोडीला. दोन्हींना ‘मुदत’ म्हणू नये. पहिलीसाठी ‘वापरण्याची अंतिम तारीख’ असे लिहावे. ती उलटली की माल विकता येत नाही. दुसरीसाठी ‘या तारखेपर्यंत उत्तम’. ती उलटल्यावर चव उतरेल, पण पदार्थ खाण्याजोगा असू शकतो.

छापखाना, धुळे: दुसरी तारीख ऐच्छिक आहे तर ती गाळा. गिऱ्हाईक दोन तारखा पाहून अलीकडचीच धरते आणि चांगला माल परत येतो.

भुसावळची आई: मला दोन्ही हव्यात. पापड महिनोन्‌महिने पुरवून खाल्ले जातात, आणि केव्हापर्यंत चव चांगली व केव्हानंतर टाकायचे, या घरात वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

अमळनेरकर: हिंगाची डबी मागवली. यादीत गव्हाचे पीठ आहे; पिठी मात्र तांदळाची आहे, असे गटाने सांगितले. चटणी ते कुटत नाहीत, म्हणून शेंगदाण्याची ओळ इंग्रजीतूनच काढायला सांगितली आहे. गव्हाची ओळ छापखान्यांनी सुचवली तशीच ठेवतो. साठवणीसाठी गट आता या उन्हाळ्यात काही पाकिटे घरात ठेवून पाहणार आहे, तोवर ‘थंड व कोरड्या जागी’ कायम. दुसऱ्या तारखेवर गटातही दोन तट पडले आहेत.