मदत हवी आहे : नत्र उशिरा आल्यानंतर जुन्या कांड्यांनी जनावरे गाभण राहणे जवळजवळ थांबले

खाडीकाठ_गुहागर

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात खाजगी कृत्रिम रेतन सेवक म्हणून सहा वर्षे काम करतो. गोठवलेल्या रेताच्या कांड्या ठेवायला माझ्याकडे द्रवनत्राचा तीन लिटरचा एक कंटेनर आहे. द्रवनत्राची गाडी साधारण दहा ते बारा दिवसांनी घाटावरून येते, परंतु यंदा जूनमध्ये घाटात दरड आल्यामुळे ती लांबली. २ जूनला कंटेनर काठोकाठ भरला होता. १४ जूनला पट्टी बुडवून पाहिली तेव्हा जेमतेम एक बोट नत्र शिल्लक होते, आणि गाडी आली ती १७ जूनला. त्या दिवशी कंटेनर उघडला तेव्हा आतून धूर येत होता आणि हाताला गारवाही लागत होता, म्हणून मी निश्चिंत होऊन नत्र भरून घेतले.

आता सप्टेंबरमध्ये गर्भतपासणी केल्यावर चित्र वेगळे दिसते. एप्रिल-मे मध्ये २४ जनावरांना रेतन केले, त्यांतील १० गाभण राहिली. १७ जून ते १५ जुलै या काळात २२ जनावरांना केले, त्यांतील फक्त ४ राहिली, बाकीची उलटली. शेतकरी आता वळूच्या वाणाला नावे ठेवू लागले आहेत. कांड्या पाहायला अगदी पूर्वीसारख्याच आहेत, रंग तोच, बूच जागेवर, आतले रेत घट्ट गोठलेले. त्यामुळे दोष माझ्या थॉइंगमध्ये आहे, वळूच्या लॉटमध्ये आहे की कंटेनरमध्ये, हे कसे ओळखावे?

माझी पद्धत अशी आहे : थर्मासमधले कोमट पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून घरातल्या पाऱ्याच्या ताप मोजायच्या थर्मामीटरने ३७ अंश पाहतो, त्यात कांडी ३० सेकंद ठेवतो, पुसतो, कापतो आणि गन भरतो.

हापूसवाडी

दादा, एवढे पाणी-थर्मामीटर कशाला? आमच्याकडचे जुने सेवक कांडी कागदाच्या रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात दोन-तीन मिनिटे ठेवत असत आणि गायी राहत असत. सावकाश वितळले म्हणजे शुक्राणूला धक्का बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय तुमच्या कंटेनरला बाहेरून घाम येतो का ते पाहा. घाम आला म्हणजे व्हॅक्युम गेलीच समजा.

देवगड_म्हैसवाला

माझीही हीच अडचण आहे. माझी मुऱ्हा म्हैस तीन वेळा उलटली. ती रात्री माज दाखवते आणि सकाळी डॉक्टर येईपर्यंत शांत होते. रेतन नेमके कोणत्या वेळी करावे? पावसाळ्यात कांड्या खराब होतात, असे मलाही सांगण्यात आले आहे.

निवृत्त_पर्यवेक्षक

म्हैसवाले, आपला प्रश्न माजाच्या वेळेचा आहे आणि त्यासाठी वेगळा धागा काढावा. पावसाने कांडी खराब होत नाही, पावसात नत्राची गाडी थांबते म्हणून ती खराब होते. येथे मी गुहागरच्या प्रश्नापुरतेच लिहितो.

सेवक महोदय, आपण २२ जनावरांचा एकच आकडा दिला आहे, आणि सगळी गफलत तिथेच होते आहे. १७ तारखेच्या गाडीतून काही नवीन कांड्याही आल्या असतील. रेतनवहीत वळूचा क्रमांक आणि लॉट लिहिला असेल तर त्या २२ पैकी जुन्या साठ्यातल्या कांड्या कोणाला घातल्या आणि नव्या कोणाला, हे वेगळे काढा. दोन्हींचा हात एकच, पाणी एकच, गन एकच. फरक फक्त १४ ते १७ जूनच्या मधल्या दिवसांचा.

आता कांड्या पूर्वीसारख्या का दिसतात ते सांगतो. द्रवनत्राचे तापमान उणे १९६ अंश असते. कांडी उणे १३० च्या वर चढू लागली की आतले बर्फाचे बारीक कण एकमेकांना मिळून मोठे होऊ लागतात आणि शुक्राणूची आवरणे फाटतात. उणे ८० च्या आसपास पोचली की नुकसान ठरलेलेच. मात्र रेत वितळायला ते तापमान शून्याच्या जवळ यावे लागते. म्हणजे कांडी न वितळता, टणक राहूनच मरते. त्यानंतर आपण नत्र ओतले की ती पुन्हा उणे १९६ ला जाते, पण मेलेले जिवंत होत नाही, आणि डोळ्याला काहीच कळत नाही. उघडल्यावर धूर दिसला, गारवा लागला, याला काहीच अर्थ नाही. उणे ५० ची हवासुद्धा धूर काढते.

दुसरे, हेच नुकसान रोज थोडे थोडे, कंटेनरच्या मानेत होत असते. भरलेल्या कंटेनरमध्येही तोंडापासून तीन इंच खाली तापमान सुमारे उणे ७५ ते ८० असते, सहा इंच खाली गेल्यावर ते उणे १८० च्या आसपास येते. वळूचा क्रमांक वाचण्यासाठी कॅनिस्टर तोंडापर्यंत उचलून धरणारे सेवक मी अनेक पाहिले आहेत. आपली कांडी पाव मिलिलिटरची, म्हणजे जाड कांडीपेक्षा फार लवकर तापणारी. कॅनिस्टर मानेच्या मध्याच्या खालीच ठेवावा, चिमटा आधी आत धरून थंड करावा, आणि आठ-दहा सेकंदांत कांडी सापडली नाही तर कॅनिस्टर परत खाली सोडून अर्धा मिनिट थांबावे. कोणता वळू कोणत्या कॅनिस्टरमध्ये आहे याचा कागद झाकणाला चिकटवला की शोधाशोधच उरत नाही.

हापूसवाडी, खिशाबद्दल आपण ऐकलेले अगदीच खोटे नाही. परदेशात काही ठिकाणी विशिष्ट पद्धतीने गोठवलेल्या रेतासाठी ही पद्धत सुचवली जात असे. परंतु त्यावरून सावकाश वितळवणे चांगले, हा निष्कर्ष चुकीचा आहे. कांडी त्या घातक पट्ट्यातून जितकी लवकर बाहेर पडेल तितके बरे. आपल्याकडच्या कांडीसाठी ३७ अंश आणि ३० सेकंद हेच धरावे. घामाचेही तसेच. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत नुकताच भरलेला चांगला कंटेनरसुद्धा मानेला घामेजतो. अंगावर किंवा मानेवर दंव धरून राहिले, भरून बरेच तास झाले तरी गेले नाही, तर मात्र व्हॅक्युमचा संशय घ्यावा. अधिक खात्री वजनाने होते. कंटेनर ताणकाट्याला लावून वजन घ्या, तीन दिवस न उघडता ठेवा, पुन्हा घ्या. एक लिटर द्रवनत्राचे वजन ८०८ ग्रॅम असते, त्यावरून हिशोब होतो.

खाडीकाठ_गुहागर

आपले फार आभार. वही काढून बसलो. २२ पैकी १५ जनावरांना जुन्या साठ्यातल्या कांड्या घातल्या होत्या, त्यांतील एकच राहिली. नव्या कांड्या ७ जनावरांना घातल्या, त्यांतील ३ राहिल्या.

कंटेनरचेही वजन केले. सोमवारी सकाळी मासळीवाल्याच्या ताणकाट्यावर घेतले आणि गुरुवारी सकाळी पुन्हा. मधल्या तीन दिवसांत उघडला नाही. ५६० ग्रॅम घटले. म्हणजे सुमारे ७०० मिलिलिटर, रोजचे सव्वादोनशे ते अडीचशे. या हिशोबाने भरलेला कंटेनर न उघडताही तेराव्या दिवशी कोरडा पडतो, आणि मी १५ ते १७ जून तो कोरडाच बाळगून होतो!

निवृत्त_पर्यवेक्षक

माझ्याकडच्या तेवढ्याच कंटेनरचे तीन दिवसांत साडेतीनशे ग्रॅम जात असत. आपल्या कंटेनरच्या पत्रकात नत्राची रोजची घट छापलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. मात्र व्हॅक्युमला दोष देण्याआधी झाकणाखालचा फोमचा बुचा पाहा. तो आखडला किंवा अर्धा तुटला असला तरी घट वाढते आणि तो बदलणे स्वस्त आहे. झाकण घट्ट बसवण्यासाठी त्यावर चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर कंटेनर फुटतो.

सात जनावरे फार थोडी आहेत, त्यावर पैज लावू नये. पण पंधरांत एक आणि सातांत तीन, हा फरक आपल्या हाताचा वाटत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर दोन जुन्या आणि एक नवी कांडी तिथेच वितळवून पाहून घ्या. काच कोमट हवी. थंड काचेवर चांगले रेतही मेल्यासारखे दिसते.

कातळसडा

मीही सेवक आहे, लांजा बाजूला. वरच्या सगळ्याशी सहमत आहे, पण थर्मामीटरकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पाऱ्याचे ताप मोजायचे थर्मामीटर एकदा चढले की झटकल्याशिवाय उतरत नाही. पेल्यातले पाणी पावसाळी वाऱ्यात ३४ वर आले तरी ते ३७ च दाखवणार! मी दोन वर्षे असाच फसलो. आता प्रयोगशाळेतले साधे थर्मामीटर ठेवतो आणि रुंद पेल्याऐवजी थर्मासच्या तोंडातच कांडी सोडतो.

आणखी एक, मला जड गेलेली चूक. गन स्पिरिटने पुसून लगेच भरत असे. स्पिरिटचा ओलावा राहिला किंवा कांडीवर पाण्याचा थेंब राहून तो कापताना आत गेला, तर तेवढ्याने शुक्राणू मरतात. आता कांडी नत्रातून काढताना एकदा झटकतो, पाण्यात सोडतो, काढून टिश्यूने पूर्ण कोरडी करतो, हवेचा बुडबुडा कापायच्या टोकाला आणून तिथेच सरळ कापतो, बुचाचे टोक गनमध्ये दांड्याकडे ठेवतो. काप तिरपा झाला तर रेत शीथमध्ये मागे पाझरते. गन मी पावसाळ्यात आधी तळहाताने चोळून घेतो, आणि गोठ्यात जनावर बांधून तयार असल्याशिवाय कांडी काढतच नाही. पूर्वी कांडी वितळवून, गन भरून मग गाय बांधायला सांगत असे आणि वीस मिनिटे सहज जात.

निवृत्त_पर्यवेक्षक

थर्मामीटरचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि तो माझ्या नजरेतून सुटला. तरी ३४ अंशांचे पाणी दर थोडा खाली आणेल, पंधरांतली चौदा उलटवणार नाही. वितळलेली कांडी पंधरा मिनिटांच्या आत वापरलीच पाहिजे आणि उरली तर फेकावी; परत नत्रात टाकणारे लोक अजूनही आहेत.

खाडीकाठ_गुहागर

आज दवाखान्यातून आलो. जुन्या दोन कांड्यांपैकी एकीत हालचाल अजिबात नव्हती, दुसरीत क्वचित एखाद्याची शेपूट जागच्या जागी थरथरत होती. नव्या कांडीत डॉक्टरांच्या अंदाजाने निम्मे शुक्राणू सरळ पुढे पोहत होते. उरलेल्या ३१ जुन्या कांड्या काढून टाकल्या. बुचा बदलून पुन्हा तीन दिवस वजन केले, या वेळी ५२० ग्रॅम घटले, म्हणजे व्हॅक्युमच कमी झाली असावी. पुरवठादार म्हणतो, दुसरा कंटेनर दिवाळीनंतर. तोवर नव्या कांड्या याच कंटेनरमध्ये ठेवाव्यात की नाही?

निवृत्त_पर्यवेक्षक

जवळच्या दूध संस्थेत मोठा कंटेनर असेल तर साठा तिथे ठेवा आणि स्वतःकडे चार दिवसांपुरत्याच कांड्या आणा. एका कंटेनरमधून दुसऱ्यात टाकताना दोन्हींची तोंडे एकमेकांना लावून, गॉब्लेट नत्राने भरलेला असतानाच हलवा. तसे शक्य नसेल तर दर सहाव्या दिवशी नत्र भरा आणि पट्टीला चार बोटांपेक्षा कमी दंव दिसले की काम थांबवा.

हापूसवाडी

ज्या चौदा शेतकऱ्यांची जनावरे उलटली त्यांना आता काय सांगणार? पुन्हा फुकट रेतन करणार का?

खाडीकाठ_गुहागर

पाच जणांना करून दिले. बाकीच्यांना अजून सांगितलेले नाही.