प्रतिसाद : भारतीय सीए, ब्रिटन आणि एसीसीए

> "भारतात सीए आहे, लंडनला जातोय. तिथे पुन्हा सगळ्या परीक्षा द्याव्या लागतील का?"

सगळ्या नाही. एसीसीए ही ब्रिटनमधली लेखापालांची व्यावसायिक पात्रता आहे. तिच्या तेरा पेपरांपैकी नऊंची सूट आयसीएआयच्या, म्हणजे भारतातल्या सीएंच्या संस्थेच्या, सदस्याला मिळते. उरतात चार: स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर, स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग आणि चार ऐच्छिकांपैकी दोन. शिवाय नीतिमत्तेचं मॉड्यूल आणि 36 महिन्यांचा अनुभव लागतो.

पण आधी काम कोणतं, ते ठरवा. कंपनीच्या अकाउंट्स विभागात कायद्याने कोणतीच पदवी लागत नाही. फक्त जाहिरातींमध्ये एसीसीए सर्रास मागतात. वैधानिक ऑडिटवर सही करायची असेल तर मात्र ऐच्छिकांत अॅडव्हान्स्ड ऑडिट घ्याच. नोकरी लागल्यावर हे लक्षात येणं महागात पडतं.

सीए मंडळी अडखळतात ती रिपोर्टिंगच्या पेपरात. तो आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांवर असतो, आणि 'आपली भारतीय मानकं, इंड एएस, म्हणजे आयएफआरएसच की' म्हणून वाचायचं टाळतात. गुंतवणुकीची मालमत्ता घ्या: 5 लाख पौंडांची जागा वर्षअखेर 5 लाख 40 हजारांची झाली. इंड एएस 40 मध्ये फक्त खर्च पद्धत चालते, म्हणजे मूळ किमतीतून घसारा वजा करायचा; वाजवी मूल्य, म्हणजे आजचा बाजारभाव, टिपेत दाखवायचं. त्याच्या आंतरराष्ट्रीय जोडीदारात, आयएएस 40 मध्ये, वाजवी मूल्य पद्धत निवडता येते, आणि निवडली की ते 40 हजार थेट नफ्यात जातात, घसारा नाहीच. सवयीने घसारा लावलात की गुण गेले. स्वस्तात घेतलेल्या कंपनीचा फायदाही तसाच: आपल्याकडे भांडवली राखीव निधीत, तिकडे नफा-तोट्यात.